पॅरलल फिफ्थ कानाला गोड लागते, मग वहीवर लाल रेघ का? (चार आवाजांची मांडणी)

क्वायर_सोलापूर
नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या क्वायरसाठी एका साध्या मराठी गीताला चार आवाज लिहितोय. नाताळात म्हणायचं आहे. चाल आमच्याच एका काकांची, सरळ मेजर स्केलमधली, सा पांढरी एक. वाद्य फक्त हार्मोनियम, तीही सुरुवातीला सूर देण्यापुरती. बाकी सगळं गळ्यावर.

शेवटच्या ओळीचे शेवटचे तीन सूर ध, नी, सां असे चढतात. त्यांना मी म-कॉर्ड, प-कॉर्ड, सा-कॉर्ड दिल्या. अशा (अक्षराखाली टिंब म्हणजे मंद्र):

सोप्रानो: ध – नी – सां
आल्टो: म – प – प
टेनर: सा – रे – ग
बेस: म़ – प़ – सा़

बाहेरगावाहून एक सर आले होते. त्यांनी पहिल्या दोन कॉर्डमध्ये दोन तिरक्या लाल रेघा ओढल्या, बाजूला ‘पॅरलल 5, पॅरलल 8’ लिहिलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेले. कीबोर्डवर वाजवून बघितलं, मला काही खुपत नाही. उलट भरदार वाटतं. तर प्रश्न दोन. हा नियम आजही पाळायलाच हवा का? आणि पाळायचा तर चाल न बदलता इथे काय करता येईल? चालीला हात लावता येणार नाही, काका दर तालमीला पहिल्या खुर्चीत असतात.

गिटार_होटगीरोड
अजिबात पाळू नका. गिटारवर पॉवर कॉर्ड म्हणजे दुसरं काय असतं? मूळ सूर, त्याचा पाचवा, वर ऑक्टेव्ह, आणि ती मूठ तशीच्या तशी गळ्यावरून सरकवायची. सगळं रॉक त्यावर उभं आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांचे नियम तुम्ही सोलापुरात कशाला पाळताय?

शेंगाचटणी
काय बे, चर्चमध्ये पॉवर कॉर्ड वाजवायला लावतो का काकांना? 😀

षड्ज_पंचम
मला हा प्रकारच कळला नाही. सा आणि प यांच्याइतका शुद्ध संवाद दुसरा नाही. तानपुरा लावतानाच आपण पंचम लावतो आणि तास-दोन तास तो घुमत असतो. ज्या संगीतात पंचमच वर्ज्य धरतात तिथे गोडवा येणार कुठून? मालकंसात पंचम वर्ज्य असतो हे ठीक, पण अख्ख्या पद्धतीतच?

पियानोच्या_बाई
षड्ज_पंचम, पंचम वर्ज्य नाही हो. क्वायरवाल्यांच्या पहिल्या कॉर्डमध्ये बेस म़ वर आणि टेनर सा वर आहे. ती फिफ्थच आहे आणि तिला कोणाचीच हरकत नाही. हरकत पुढच्या पावलाला आहे. तोच बेस आणि तोच टेनर, दोघंही जागेवरून हलले आणि पुन्हा एकमेकांपासून फिफ्थवरच जाऊन थांबले: म़-सा होतं, प़-रे झालं. तसंच बेस आणि आल्टोचं. दोघं ‘म’ वर ऑक्टेव्हने होते, दोघं ‘प’ वर ऑक्टेव्हने गेले. रेघा दोन, कारण चुका दोन.

तुमच्या तानपुऱ्यात हे कधीच होत नाही, कारण तानपुरा जागचा हलत नाही. इथेही बेस आणि टेनरने म़-सा हेच सूर चार वेळा म्हटले तर ती पॅरलल फिफ्थ नव्हे. हालचाल हवी, जोडी तीच हवी, अंतर दोन्हीकडे फिफ्थ किंवा दोन्हीकडे ऑक्टेव्ह हवं. यातलं एक नसलं की गुन्हा नाही.

‘का’ म्हणाल तर कीबोर्डवर ते कळणार नाही, कारण तिथे चारही आवाज एकाच जातीचे आहेत. क्वायरला उभं करा, एवढे तीन सूर म्हणायला सांगा आणि तुम्ही दाराबाहेर जाऊन ऐका. पहिल्या कॉर्डला चार माणसं ऐकू येतील. दुसऱ्या कॉर्डवर जाताना टेनर आणि आल्टो दोघंही बेसच्या मागे डबलसीट बसतील. आवाज भरतो, पण गाणारे कमी होतात. चार आवाज लिहिण्याचा खटाटोप चार चाली एकदम ऐकू याव्यात यासाठी असतो. तेच नको असेल तर नियमही नको, हे मी आधीच कबूल करते.

रीडवाला_काका
मी हार्मोनियम दुरुस्त करतो. या चार आवाजांतलं मला कळत नाही, पण बाई म्हणतात ते कानाने रोज ऐकतो. दोन रीड ऑक्टेव्हला लावताना आधी लहर ऐकू येते, वंव वंव अशी. रीड घासत घासत सुरात आली की लहर थांबते, आणि त्याच क्षणी दोन रीडची एक रीड होते. दुसरी वाजते आहे की नाही हे बोट काढल्याशिवाय सांगता येत नाही. पंचमातही होतं, जरा कमी. गंधाराला असं होत नाही, दोन रीड शेवटपर्यंत दोनच राहतात. म्हणून ऑक्टेव्ह आणि पंचमावरच पहारा असेल असा माझा अंदाज.

पियानोच्या_बाई
काका, अंदाज नाही, हेच कारण आहे. ऑक्टेव्हमध्ये कंपनांचं प्रमाण 2:1, फिफ्थमध्ये 3:2. वरच्या सुराचे बरेचसे उपस्वर खालच्याच्या उपस्वरांवर जाऊन बसतात. दोघं एकदा तसे भेटले तर चालतं, कारण पुढच्या पावलाला वेगळे होतात. सलग दोनदा एकत्र चालले की कान त्यांना एकच धरतो. थर्ड आणि सिक्स्थ कितीही सलग चालू द्या. क्वायरवाल्यांच्या बेस आणि सोप्रानोत म़-ध, प़-नी हे तसंच आहे, छान आहे, त्यावर रेघ नाही.

गिटार_होटगीरोड
पण मग पॉवर कॉर्ड कानाला का खटकत नाही?

पियानोच्या_बाई
कारण तिथे तीन आवाज आहेत असा दावाच नाही. तो एकच जाड आवाज आहे. मोठ्या पाइप ऑर्गनमध्ये मिक्स्चर नावाचे स्टॉप असतात. एक पट्टी दाबली की तिच्या ऑक्टेव्ह आणि फिफ्थचे पाइपही वाजतात, म्हणजे बाखचं कोरालही त्यावर वाजवलं तर भौतिकदृष्ट्या पॅरलल फिफ्थचा पाऊस पडतो. कोणी लाल रेघ मारत नाही. तो सुराचा रंग आहे, वेगळी चाल नव्हे.

लष्कर_अल्टो
माझाही प्रश्न इथेच विचारते. आमच्याकडे रविवारी क्वायरमागे सगळी मंडळी म्हणतात. पुरुष सोप्रानोचीच चाल खालच्या सप्तकात म्हणतात आणि पेटीवाला भाऊ कपलर लावून वाजवतो. म्हणजे आम्ही दर रविवारी पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत पॅरलल ऑक्टेव्हच करतोय की! पुरुषांना गप्प बसवायचं का?

शेंगाचटणी
ताई, हा नियम घरी लागू करून बघा आधी.

पियानोच्या_बाई
अल्टोताई, कपलर काय आणि मंडळी काय, ती दुप्पट केलेली चालच आहे, ऑर्गनच्या स्टॉपसारखी. लिहिलेले चार आवाज एकमेकांशी कसे वागतात एवढंच बघायचं. पुरुषांना गाऊ द्या.

मात्र एक खरा धोका आहे. खालून गाणाऱ्या पुरुषांचा आवाज बेसच्याही खाली गेला तर कॉर्डचा तळ बदलतो आणि तुम्ही मन लावून लिहिलेला बेस मधेच अडकतो. तेवढ्यासाठी शक्य असेल तिथे बेस खालीच ठेवावा.

जुनी_वही
नियम तो नियम. बाखने चारशेच्या आसपास कोराल लिहिली, एकातही पॅरलल फिफ्थ सापडणार नाही. तो कधीच चुकला नाही, म्हणून तर आजही अभ्यासक्रमात तोच असतो.

ऑर्गन_पुणेकर
जुनी_वही, अर्धं मान्य. बाखच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल आणि किर्नबर्गर यांनी जमवलेली कोराल 1784 ते 1787 मध्ये लाइपझिगला छापली गेली, एकूण 371. त्यांत मोजक्या जागी पॅरलल फिफ्थ आहेतच. ब्राम्स तर असल्या जागा गोळा करायचा. बाखपासून मोझार्टपर्यंत कोणाकोणाच्या रचनेत पॅरलल फिफ्थ आणि ऑक्टेव्ह सापडतात याची त्याने स्वतःच्या हाताने यादी केली होती. ती शेंकरने 1933 मध्ये छापली. ब्राम्सचा हेतू ‘बघा, मोठे लोकही चुकतात’ असा नव्हता. कोणती फिफ्थ कानाला बोचते आणि कोणती बोचत नाही, हे त्याला लावून बघायचं होतं.

आणि नियम बाखचा नाहीच. फुक्सने 1725 मध्ये व्हिएन्नात काउंटरपॉइंटचं लॅटिन पुस्तक काढलं तेव्हाही तो जुनाच होता. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकाच्या सुमारास, चर्चमध्ये मुद्दाम फिफ्थमध्येच गात. तेव्हा ती चालीला दिलेली जाडी होती. आवाज वेगवेगळे चालायला लागल्यावर नको झाली.

जुनी_वही
मोजक्या जागा म्हणजे नियम सिद्धच झाला की. परीक्षेत ब्राम्सची यादी दाखवून मार्क मिळत नाहीत.

क्वायर_सोलापूर
बाईंनी सांगितलेला प्रयोग काल तालमीत केला. दाराबाहेर उभा राहिलो. दुसऱ्या कॉर्डला सोप्रानो आणि खाली एक जाड आवाज, एवढंच ऐकू आलं. माझे दोन टेनर जीव तोडून रे म्हणत होते. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आमच्यासाठी तरी. आता दुसरा. चाल तीच, ध-नी-सां. काय करू?

पियानोच्या_बाई
आधी ही जागा नेमकी का चावते ते बघा, म्हणजे पुढे कुठेही सापडेल. म-कॉर्ड आणि प-कॉर्ड शेजारी आहेत, दोन्हीत एकही सूर सामायिक नाही. त्यामुळे कोणीही जागेवर थांबू शकत नाही, सगळ्यांना हलावंच लागतं. बेस एक पायरी चढतो. वरचे तिघंही एकेक पायरी चढले की सगळी कॉर्ड उचलून वर ठेवल्यासारखी होते आणि तिच्या पोटातली फिफ्थ आणि ऑक्टेव्ह तशीच्या तशी वर जाते. यावर शिकवतात ते असं की बेस चढला तर वरचे तिघं उतरवा. तुमची चाल सां-नी अशी उतरती असती तर काम मिनिटात झालं असतं: सां-नी, ध-प, म-रे, आणि बेस एकटा वर.

तुमची पंचाईत अशी की चालच बेसबरोबर चढते. सोप्रानोला उतरवता येत नाही. मग उरलेल्या दोघांना उतरवायचं. प-कॉर्डमध्ये नी सोप्रानोकडे गेला. तो दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही, नाहीतर दोन्ही नी पुढे सां कडे धावतील आणि नवी ऑक्टेव्ह तयार होईल. टेनर सा वरून रे ला गेला की बेसशी फिफ्थ, आल्टो म वरून प ला गेला की बेसशी ऑक्टेव्ह. दोन्ही दारं बंद. म्हणून अदलाबदल करा, रे आल्टोला आणि प टेनरला, दोघंही खाली:

सोप्रानो: ध – नी – सां
आल्टो: म – रे – ग
टेनर: सा – प़ – प़
बेस: म़ – प़ – सा़

आता बेसशी जोड्या लावा. टेनर फिफ्थवरून बेसच्याच सुरावर आला, पण एक चढला आणि दुसरा उतरला. आल्टो ऑक्टेव्हवरून फिफ्थवर आला, तोही उलट दिशेने. शेवटच्या कॉर्डला टेनर प़ धरून बसतो, आल्टो आणि सोप्रानो सिक्स्थ ठेवून वर जातात. स्वच्छ.

बेस_बंडू
मी याच क्वायरमध्ये बेस गातो. नवीन मांडणी आज म्हणून बघितली. मधल्या कॉर्डला टेनर आमच्याच सुरावर येऊन बसतात. आम्ही तिघं, ते दोघं, मग पाचही जण प़. त्यांना ती चार सुरांची उडी खाली मारायची नाही, ‘सा वरून रे किती सोपा होता’ म्हणतात. माझी सूचना ऐका. सगळ्यांना त्यांचं जुनंच गाऊ द्या, आम्हालाच हलवू नका. आम्ही आपलं म़ वर बसून राहतो. 😴

शेंगाचटणी
बेसवाल्यांचा जन्मसिद्ध हक्क.

ऑर्गन_पुणेकर
बंडूभाऊ, तुम्ही थट्टेत म्हणालात, पण हे शंभर टक्के बरोबर आहे. लिहून बघा:

सोप्रानो: ध – नी – सां
आल्टो: म – प – प
टेनर: सा – रे – सा
बेस: म़ – म़ – ग़

वरचे तिघं अगदी पहिल्यासारखे चढतात. बेस म़ वरच थांबतो. मधली कॉर्ड प-नी-रे-म झाली, म्हणजे प-कॉर्डचा सेव्हन्थ बेसमध्ये. बेस हललाच नाही, मग कोणाशी पॅरलल होणार? टेनर-आल्टोमध्ये सलग फोर्थ आहेत, त्यांच्या खाली बेस असल्यामुळे त्या चालतात. फक्त एक अट. बेसमधला तो म़ पुढे ग़ वर उतरायलाच हवा, त्याला दुसरीकडे जाता येत नाही.

पियानोच्या_बाई
सुंदर. पण शेवटच्या ओळीला नको. बेस ग़ वर संपला तर गाणं संपल्यासारखं वाटणार नाही, मंडळी पुढच्या कडव्याची वाट बघत उभी राहतील. ध-नी-सां ही जागा आधीच्या कडव्यात मधे कुठे येत असेल तर तिथे वापरा.

क्वायर_सोलापूर
येते की, दुसऱ्या ओळीच्या मध्यावर! तिथे बंडूची आळशी मांडणी आणि शेवटी बाईंची, असं केलं तर? टेनर मंडळींची नाराजी मात्र राहील.

ऑर्गन_पुणेकर
शेवटासाठी आणखी एक वाट आहे. पहिली कॉर्डच बदला. सोप्रानोत ध आणि बेसमध्ये म़ एवढंच ठरलेलं आहे. त्यासाठी म-कॉर्डच हवी असं नाही. रे-म-ध ही मायनर कॉर्ड घ्या, बेसमध्ये म़ ठेवून. आल्टो रे धरून बसतो आणि दुसऱ्या कॉर्डलाही रे वरच राहतो, कारण रे दोन्ही कॉर्डमध्ये आहे. टेनर ध़ वरून प़ वर एकच पायरी उतरतो. उडी गेली, तक्रार गेली.

सोप्रानो: ध – नी – सां
आल्टो: रे – रे – ग
टेनर: ध़ – प़ – प़
बेस: म़ – प़ – सा़

रंग थोडा बदलतो, म-कॉर्डचा उघडेपणा जातो आणि जरा ओलावा येतो. काकांना विचारून घ्या.

सात_रस्ता_इंजिनीअर
मला गाता येत नाही, पण हे तपासणं तर यंत्राचं काम आहे. चार आवाजांच्या जोड्या सहाच होतात. सुरांना मिडी नंबर द्या. मूळ मांडणीत पहिली कॉर्ड खालून वर 53, 60, 65, 69 आणि दुसरी 55, 62, 67, 71. प्रत्येक जोडीसाठी, a वरचा आवाज आणि b खालचा:

```
d1 = (a1 - b1) % 12
d2 = (a2 - b2) % 12
bad = d1 == d2 and d1 in (0, 7) and a1 != a2
```

टेनर-बेस 7 आणि 7, आल्टो-बेस 0 आणि 0. सरांच्या दोन्ही रेघा तंतोतंत निघाल्या. पुणेकरांच्या दोन्ही मांडण्या आणि बाईंची, तिन्ही साफ.

पियानोच्या_बाई
इंजिनीअरसाहेब, छान, पण तुमच्या चाळणीतून दोन प्रकार निसटतील. दोन कॉर्डच्या मधे टेनरने छोटा सूर घातला, समजा सा-ग-रे, तर तुमच्या ओळीला फिफ्थ सलग दिसणार नाही. कानाला दिसते. ठोक्यावर फिफ्थ, पुढच्या ठोक्यावर फिफ्थ, मधला सूर म्हणजे नुसती रंगरंगोटी. विद्यार्थी सगळ्यात जास्त इथेच पळवाट शोधतात. दुसरं म्हणजे बेस-सोप्रानो दोघं एकाच दिशेने जाऊन ऑक्टेव्हवर किंवा फिफ्थवर आदळले आणि सोप्रानो उडी मारून तिथे आला. आधीचं अंतर वेगळं असल्यामुळे गणित ‘साफ’ म्हणेल. दोन टोकाचे आवाज सगळ्यात जास्त ऐकू येतात, म्हणून ते टाळायचं.

उलट एक जागी तुमचं गणित जास्त कडक आहे. एक आवाज वर आणि एक खाली जाऊन फिफ्थवरून ऑक्टेव्ह अधिक फिफ्थवर गेले तर ते पॅरलल नाही. तुमची ओळ ते पकडेल. पुस्तकांतही बरेच जण ते नकोच म्हणतात, पण गाण्याच्या शेवटी मोठे लोक करतात.

सात_रस्ता_इंजिनीअर
मग बाई, तुमच्याच मांडणीवर शंका. आल्टो म-रे, टेनर सा-प़. दोघं एकत्र खाली उतरले आणि फिफ्थवर येऊन थांबले. ही ती लपलेली फिफ्थ नाही का?

पियानोच्या_बाई
आहे. पण मधल्या दोन आवाजांत आहे, वरून सोप्रानो उलट दिशेने चढतोय. तिथे ती कोणाला ऐकू येत नाही. मी कधीच कापत नाही.

जुनी_वही
मला शिकवणारे कापत असत. मधला असो की टोकाचा, आवाज तो आवाज.

ऑर्गन_पुणेकर
सगळ्या जोड्यांना लपलेल्या फिफ्थची बंदी लावली तर चार आवाजांत लिहिणंच बंद पडेल. बाखच्या कुठल्याही पानावर मधल्या आवाजांत त्या दिसतील.

जुनी_वही
दिसतील. पण आधी टाळायला शिका, मग बाख व्हा.

गिटार_होटगीरोड
वाद चालू द्या, मी काल बंडूंची मांडणी गिटारवर वाजवली. वर तीन तारांवर कॉर्ड सरकवली आणि खाली एक तार तशीच ठेवली. च्यायला, हे आम्ही रोज करतो, फक्त आम्हाला माहीत नव्हतं.

षड्ज_पंचम
मला अजून वाटतं की मराठी चालीला हे सगळं चढवणं म्हणजे तिचा श्वास कोंडणं. ध-नी-सां एकट्याने म्हटलं की त्यात मींड येते. चार जणांत कोण कोणासाठी थांबणार?

लष्कर_अल्टो
मींड तर आम्ही घेतोच हो. बाकीचे तिघं सूर धरून उभे राहतात आणि सोप्रानो नी वरून सां कडे सावकाश जाते. फक्त तिने वेळेवर पोचावं.

क्वायर_सोलापूर
काकांना दोन्ही शेवट ऐकवले. मायनर कॉर्डवाला आवडला, ‘हा जरा रडका आहे, पण ओळही तशीच आहे’ म्हणाले. टेनर खूश. दुसऱ्या ओळीत बेस म़ वर थांबतो.

आता बाईंनी सांगितलं तसं बाकीचं गीत शोधत गेलो आणि तिसऱ्या ओळीच्या मधे तशीच जागा सापडली. प-कॉर्डवरून ध-कॉर्डवर, सोप्रानो नी-सां, बेस प़-ध़. पुन्हा बेस एक पायरी वर, पुन्हा चालही वर. मी सगळ्यांना चढवलं होतं: टेनर रे-ग, आल्टो प-ध. आता टेनर रे-सा आणि आल्टो प-ग केलंय. पण मग सा दोघांकडे आला, टेनरकडे आणि सोप्रानोकडे. ध-कॉर्डचा तो तिसरा सूर आहे. तो डबल केलेला चालतो का?

जुनी_वही
तिसरा डबल करू नये. मूळ सूर डबल करावा.

पियानोच्या_बाई
एरवी मूळ सूर डबल करणं सोयीचं, खरं आहे. पण इथे तिसराच डबल करतात, आणि तो पळवाट म्हणून नाही. मूळ सूर ध डबल करायचा तर आल्टोला प वरून ध ला चढवावं लागेल, म्हणजे बेसशी ऑक्टेव्ह परत आली. टेनरला रे वरून खाली ध़ ला नेलं तर फिफ्थ टळते, पण टेनर बेसच्या सुरावर जाऊन बसतो आणि बंडूंची जुनी तक्रार परत येते. तुमचं रे-सा, प-ग उत्तम आहे. सोप्रानोचा सां आणि टेनरचा सा ऑक्टेव्हवर आले, पण उलट दिशांनी आले.

सात_रस्ता_इंजिनीअर
तपासलं. 55, 62, 67, 71 वरून 57, 60, 64, 72. सहाही जोड्या साफ.

क्वायर_सोलापूर
आभार. एकच राहिलं. दुसऱ्या ओळीचा शेवटचा सूर आणि तिसऱ्या ओळीचा पहिला सूर यांच्यामधे सगळे श्वास घेतात. तिथे बेस-टेनरमध्ये फिफ्थवरून फिफ्थ होते. मधे श्वास आहे, तरी मोजायची?

ऑर्गन_पुणेकर
मी मोजत नाही. ओळ संपली, आवाज थांबले, कान नव्याने सुरू होतो.

पियानोच्या_बाई
मी मोजते, निदान श्वास छोटा असेल तर. तुमच्या मंडळींना हॉलमध्ये म्हणायला लावा. आवाज घुमणारा हॉल असेल तर श्वासात आधीची कॉर्ड अजून वाजत असते.

बेस_बंडू
हॉल घुमतो. पंखे बंद केले तर जास्तच. पण नाताळातही इथे पंखे बंद करून कोणी बसत नाही, तेव्हा रविवारी पंख्यासकट ऐकून कळवतो.